दहा टक्के नकोत, बत्तीस हजार मागा

पत्र

मी ४१ वर्षांची आहे. नाशिकमधल्या एका संस्थेचं कार्यालय नऊ वर्षं सांभाळलं. देणगीदारांना जाणारे प्रस्ताव आणि अहवाल मीच लिहायचे. घरच्या कारणामुळे नोकरी सोडली, आता हेच काम घरून, छोट्या संस्थांसाठी करायचं मनात आहे. निफाडकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी एक संस्था सहा अभ्यासवर्ग चालवते. तिचे सचिव ओळखीचे आहेत. ते म्हणतात, "ताई, आत्ता द्यायला पैसे नाहीत. एका कंपनीच्या सीएसआरसाठी १८ लाखांचा प्रस्ताव लिहा, मंजूर झाला की दहा टक्के तुमचे." म्हणजे १,८०,००० रुपये. दुसरं काम हातात नाही. हो म्हणू का? नाही म्हटलं तर पैसे मागायचे कसे आणि किती? आणि पहिलं काम शोधायचं कुठे? त्यांनी केलेलं बजेट सोबत पाठवते आहे.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

नाही म्हणा. पण ते कसं म्हणायचं आणि त्याच सचिवांकडून काम कसं मिळवायचं, तेही सांगते, कारण माणूस वाईट वाटत नाही. बहुतेक सचिव हे प्रामाणिकपणे सुचवतात. १,८०,००० रुपये आणायचे कुठून याचा विचार त्यांनी अजून केलेला नसतो, एवढंच.

सीएसआरचे, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचे पैसे संस्थेच्या खात्यात येतात, पण ते मोकळे नसतात. कराराला बजेट जोडलेलं असतं: शिक्षिकांचं मानधन इतकं, आहार इतका, प्रवास इतका. वर्षअखेर सीए त्याच हेडप्रमाणे खर्च तपासतो आणि उपयोगिता प्रमाणपत्र देतो. त्यात 'प्रस्ताव लिहिणाऱ्याला दहा टक्के' हे हेड नसतं, आणि टाकलं तर कंपनी खोडून परत पाठवते. शिवाय तुमचं काम करार होण्याआधी झालेलं असतं, आणि करारापूर्वीचा खर्च त्या अनुदानात सहसा दाखवता येत नाही. मग उरतात दोन वाटा. एक, लोकांनी मुलांसाठी दिलेल्या किरकोळ देणग्यांतून तुमचे पैसे द्यायचे. दुसरी वाट मी स्वतः पाहिली आहे.

या कामात नवी होते तेव्हा एका संस्थेला आठ टक्क्यांवर हो म्हटलं होतं. प्रस्ताव १२ लाखांचा, म्हणजे माझे ९६,०००. मंजुरीला सात महिने लागले. सचिवांनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, बिल तेवढं प्रशिक्षण साहित्याच्या नावाने करा. त्या हेडला जागा आहे." मी न छापलेल्या पुस्तिकांचं बिल द्यायचं, आणि त्यांनी ते खर्चात दाखवायचं. मी बिल दिलं नाही, त्यांनी पैसे दिले नाहीत. दोघांच्याही मते दुसऱ्याने शब्द फिरवला. खरं तर करारच असा होता की तो पाळायचा तर खोटं बिल करावं लागणार होतं. पेढे तेवढे घरी आले.

निधी उभारणाऱ्यांच्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स आणि ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन या दोन मोठ्या संघटनांच्या आचारसंहितांमध्ये टक्केवारी घेण्याला स्पष्ट मनाई आहे. दोन्हींचा उगम अमेरिकेतला, आपल्याकडे फारसं कुणी त्यांचं नाव घेत नाही. पण त्या नियमामागचं कारण तुमच्या सोबतच्या बजेटमध्येच सापडतं, म्हणून ते जरा नीट बघू.

सहा वर्ग, दीडशे मुलं. शिक्षिकांचं मानधन दरमहा १०,०००, सहा जणी, बारा महिने: ७,२०,०००. पौष्टिक खाऊ दर मुलामागे दिवसाला १५ रुपये, महिन्याचे २५ दिवस, बारा महिने: ६,७५,०००. बाकी भाडं, साहित्य, प्रवास. एकूण १८ लाख. आता सांगा, पेठ-सुरगाण्याकडची ही कुटुंबं निफाडला बारा महिने राहतात का? तुम्ही नाशिकच्या आहात, तुम्हाला माहीत आहे. संस्थेच्याच माहितीपत्रकात 'हंगामी वर्ग, सहा महिने' असं लिहिलंय. कंपनीचा सीएसआर पाहणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार: मुलं सहा महिने, खाऊ बारा महिने कसा?

दुरुस्त करू. खाऊ सहा महिन्यांचा, म्हणजे ३,३७,५००. शिक्षिकांचं मानधन सात महिन्यांचं, कारण वर्ग सुरू होण्याआधी महिनाभर वस्त्यांवर फिरून मुलांची नोंद करावी लागते: ४,२०,०००. बाकीचे आकडे तसेच ठेवले तर एकूण ११,६२,५०० होतात, दर मुलामागे वर्षाला ७,७५०. आधीच्या बजेटात हाच आकडा १२,००० होता. नवं बजेट मंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण ते खरं आहे.

आणि तुमचे दहा टक्के? १,८०,००० वरून १,१६,२५० वर आले. तुमच्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तुम्ही केलीत, आणि तिच्यासाठी ६३,७५० रुपये मोजलेत. टक्केवारीवर काम करणाऱ्या किती जणांचा हात ती दुरुस्ती करताना अडखळेल, विचार करा. अडखळला तरी कुणाला कळणार नाही, हेच वाईट.

निकाल तुमच्या हातात नसतो, हा मुद्दा वेगळाच. उत्तम प्रस्ताव पडतात, कारण कंपनीने त्या वर्षी पाण्याचं काम घ्यायचं ठरवलेलं असतं. कधी संस्थेचे कागदच अपुरे निघतात. त्यामुळे काम सुरू करण्याआधी सचिवांकडून काही कागद मागवा. ही सवय पहिल्या कामापासून लावून घ्या.

कंपन्यांकडून सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो आहे का? १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदणींची मुदत संपत आलीय का? संस्था कंपनीने किंवा सरकारने स्थापन केलेली नसेल, तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो ऑडिट झालेल्या ताळेबंदांत दिसतो का? आणि आपल्याकडे हमखास अडकणारा कागद म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या संस्थेच्या नोंदणीचा, शेड्यूल वनचा उतारा. विश्वस्त बदलतात, कुणी वारतं, कुणी राजीनामा देतं, चेंज रिपोर्ट दाखल केलेला असतो किंवा नसतो, आणि उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. बँकेत सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कंपनीचा कायदा विभाग तिथेच फाइल थांबवतो. तुम्ही प्रस्ताव सोन्याच्या अक्षरांत लिहिला तरी उपयोग नाही. हे कागद आठवडाभरात आले नाहीत, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं: ही संस्था या वर्षी तयार नाही. टक्केवारीवर असतात, तर हे सात महिन्यांनी कळलं असतं.

आता पैसे. दर ठरवताना दुसरे किती घेतात हे विचारत बसू नका. स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. समजा तुम्हाला महिन्याला ४०,००० हातात यायला हवेत, म्हणजे वर्षाला ४,८०,०००. इंटरनेट, लॅपटॉप, प्रवास, विमा धरून वर्षाचा खर्च ८०,०००. एकूण ५,६०,०००. आठवड्याला ४० तास काम केलंत तरी पैसे मिळणारे तास निम्मेच असतात. बाकीचे फोन, भेटी, न आलेली उत्तरं आणि स्वतःचा हिशेब यांत जातात. आठवड्याचे २० तास, वर्षाचे ४० आठवडे धरले तर ८०० तास. ५,६०,००० भागिले ८०० म्हणजे तासाला ७००. हा तुमचा दर. तो संस्थेला सांगायचा नाही, तो तुमच्या वहीत राहतो. संस्थेला सांगायची ती पूर्ण कामाची रक्कम.

निफाडच्या प्रस्तावाचे तास मी असे धरेन. कागद आणि जुने अहवाल वाचायला ५. वर्गांना एक भेट आणि शिक्षिकांशी बोलणं ८. कंपनीचा अभ्यास ५. लेखन १४. बजेट ६, आणि ते का लागतात हे वर पाहिलंच. दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या ६. पोर्टलवर भरणं आणि जोडपत्रं २. एकूण ४६ तास, म्हणजे ३२,२००. सरळ ३२,००० सांगा, प्रवासखर्च वेगळा.

कंपनीच्या अभ्यासाचे पाच तास कापू नका. csr.gov.in वर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला हे मिळतं. बोर्डाने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प आणि धोरण कंपनीने आपल्या वेबसाइटवर ठेवायचं असतं. तेही वाचा. शिक्षणाला पैसे देणारी एखादी कंपनी फक्त आपल्या कारखान्याच्या तालुक्यातच देते, असं तिथेच लक्षात येतं. मग तुम्ही सचिवांना लिहायला बसण्याआधीच सांगू शकता की ही कंपनी नको, दुसरी बघू. या एका वाक्याचेही ३२,००० मध्ये पैसे आहेत.

हप्ते कामाशी बांधा: काम सुरू करताना १२,०००, पहिला मसुदा दिल्यावर १२,०००, प्रस्ताव सादर झाल्यावर ८,०००. 'मंजूर झाल्यावर' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. एका पानाचं पत्र करा, त्यात दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, माहिती कधीपर्यंत द्यायची ती तारीख, आणि निकाल काहीही लागला तरी फी तीच, ही तीन वाक्यं हवीतच. तारखेचं वाक्य विसरू नका. पोर्टल रात्री बाराला बंद होणार असतं आणि साडेदहाला व्हॉट्सॲपवर विश्वस्तांच्या पॅनकार्डाचा तिरपा फोटो येतो, हे तुम्ही नऊ वर्षं पाहिलं असेल.

सचिव म्हणणार, इतके नाहीत. खरंही असेल. तेव्हा दर कमी करू नका, काम कमी करा. बऱ्याच कंपन्या आधी दोन पानी कन्सेप्ट नोट मागतात आणि ती आवडली तरच पूर्ण प्रस्ताव. मग आधी तेवढंच घ्या: कागदांची तपासणी ५ तास, नोट ८ तास, ९,००० रुपये. कंपनीने पुढे बोलावलं तर पूर्ण प्रस्ताव हे नवं काम, त्याची फी वेगळी. नाही बोलावलं तरी संस्थेच्या हातात एक नोट राहते, ती दुसऱ्या कंपनीला दोन तासांच्या फेरफारात जाते.

आणखी एक मार्ग सुचवा. प्रत्येक संस्थेचा एखादा जुना हितचिंतक असतो, वाढदिवसाला मुलांना वह्या देणारा. त्याला सचिवांनी सरळ सांगावं, "या वर्षी वह्यांऐवजी प्रस्ताव लिहून घेण्याचा खर्च उचलाल का?" त्यात लपवण्यासारखं काही नाही. लोक देतात. फक्त विचारलेलं नसतं.

आणि मंजुरीनंतरचं काम, म्हणजे तिमाही अहवाल आणि नोंदी, यासाठी बजेटमध्ये ठरावीक रकमेचं हेड टाकता येतं, कंपनीला दिसेल असं. ती टक्केवारी होत नाही, कारण ते काम खरोखर पुढे व्हायचं असतं आणि कंपनीने ते वाचून मंजूर केलेलं असतं. परदेशी निधी घेणारी संस्था असेल तर जरा जपून. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएच्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि अहवाल लिहिण्याचा खर्च व व्यावसायिक फी त्यातच मोजली जाते.

या हेडमुळेच मी नव्या माणसाला सांगते, पहिलं काम म्हणून प्रस्ताव शोधू नका, अहवाल शोधा. प्रस्तावाचे पैसे संस्थेला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात आणि फळ अनिश्चित. अहवाल मात्र द्यायचाच असतो. दुसरा हप्ता त्याच्यावर अडलेला असतो, आणि बऱ्याचदा त्यासाठी बजेटमध्ये जागाही असते. बारा तासांचं काम, ८,४०० रुपये, आणि संस्था ते घासाघीस न करता देते, कारण अडलेला हप्ता तीन लाखांचा असतो. त्या बारा तासांत तुम्हाला संस्थेचे सगळे आकडे कळतात. पुढच्या वर्षी प्रस्ताव लिहायची वेळ आली की सचिव दुसरीकडे जात नाहीत. माझी पहिली चार कामं अहवालांची होती, एक तर निव्वळ फोटोंना नावं देण्याचं.

अशा संस्था कुणाला ठाऊक असतात? त्यांच्या सीएला. नाशिकमध्ये ट्रस्टची ऑडिट करणारे तीन-चार सीए शोधा. ऑडिटच्या घाईत नको, सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून जा. एकच प्रश्न विचारा: "तुमच्या कुठल्या संस्थेचं उपयोगिता प्रमाणपत्र तयार आहे, पण कामाचा अहवाल नसल्यामुळे फाइल पडून आहे?" सीएला तो अहवाल लिहायचा नसतो. तो तुमचा नंबर आनंदाने पुढे देईल. ओळख करून दिल्याबद्दल कमिशन मात्र त्यालाही देऊ नका. ज्या कारणाने तुम्ही घेत नाही, त्याच कारणाने.

दुसरी जागा पुण्याची. पितृपक्षात तिथे 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं, आणि महाराष्ट्रभरच्या छोट्या-मध्यम संस्था स्टॉल लावून बसलेल्या असतात. एक दिवस नाशिकहून जाऊन या. गर्दीच्या संध्याकाळी नको, दुपारी, म्हणजे कार्यकर्त्यांना बोलायला वेळ असतो. 'मी प्रस्ताव लिहिते' असं सांगत फिरू नका. त्यांचा वार्षिक अहवाल मागून घ्या, घरी वाचा, आणि चार दिवसांनी एका पानाचं पत्र पाठवा: तुमच्या अहवालात मुलांची संख्या पान चारवर ११२ आहे आणि पान नऊवर १३०, देणगीदार इथे थांबेल, हे असं दुरुस्त करता येईल. एवढं फुकट द्या. त्यापुढचं नाही. गणेशोत्सवात 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमात ज्या संस्थांवर लेख येतात, त्याही पाहा. वाचकांच्या देणग्या आल्या की त्यांच्याकडे काही महिने कागदपत्रांचं काम अचानक वाढतं.

जुन्या संस्थेबद्दल एक. त्यांचंच अहवालाचं काम बाहेरून मिळालं तर जरूर घ्या, पण तिथल्या देणगीदारांचे नंबर आणि बजेटच्या फाइली दुसरीकडे वापरू नका. नाशिकचं वर्तुळ छोटं आहे. दोन संस्थांसाठी एकाच कंपनीला एकाच वेळी लिहायची वेळ आली, तर दोघांनाही आधी सांगा. एक जण नाराज होऊन जाईल. जाऊ द्या.

बिलावर पॅन लिहा. एका संस्थेकडून वर्षभरात ५०,००० च्या वर फी झाली की ती १० टक्के टीडीएस कापेल, तो विवरणपत्र भरताना परत मागता येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही.

सचिवांना आज हा निरोप पाठवा, हवा तर शब्द बदलून:

"दादा, टक्केवारीवर मी काम करत नाही, कारण ते पैसे तुम्हाला अनुदानातून देता येणार नाहीत आणि खोटं बिल मी करणार नाही. बजेट पाहिलं. वर्ग सहा महिन्यांचे आणि खर्च बारा महिन्यांचा धरलाय, तो दुरुस्त करावा लागेल. कागद तपासून दोन पानी नोट करून देते, ९,००० रुपये, निम्मे आधी. त्याआधी सीएसआर-१चा नंबर, १२ए-८०जी, तीन वर्षांचे ताळेबंद आणि शेड्यूल वनचा ताजा उतारा पाठवा. तुमचा मागच्या वर्षीचा कुणाला अहवाल द्यायचा राहिला असेल तर तेही सांगा, तो आधी करू."